वजन भरलं, पण बाळसं?

बाळ जन्मलं की बाहेर ताटकळणारी मंडळी आधी मुलगा की मुलगी विचारतात आणि लगेच दुसरा प्रश्न येतो, "वजन किती भरलं?" अडीच किलोच्या वरचा आकडा ऐकला की चेहरे खुलतात, खालचा ऐकला की सगळे गप्प होतात. मी नवजात बाळांच्या वॉर्डात काम करते, आणि हे दोन्ही चेहरे मी रोज पाहते. पण एका आजींचं बोलणं माझ्या मनात राहून गेलंय. नातीचं वजन अडीच किलोच्या थोडं वर होतं, त्यामुळे कागदोपत्री सगळं ठीक. आजींनी दुपटं सोडलं, बाळाच्या मांडीवरून हात फिरवला आणि म्हणाल्या, "वजन बरं सांगितलंत हो बाई, पण पोर नुसतं लांबडं आहे. अंगाला बाळसं कुठाय?"

आजींनी विचारलं ते वजनकाट्याला सांगता येत नाही. काटा एकच आकडा देतो. ते वजन किती लांबीच्या अंगावर पसरलंय, हे त्या आकड्यात नसतं. ते कळावं म्हणून लांबीसुद्धा मोजायची आणि वजन-लांबीचं नातं एका छोट्या गणितात बसवायचं. त्या गणिताला पाँडरल इंडेक्स म्हणतात. स्विस वैद्य फ्रिट्झ रोरर यांनी १९२१ मध्ये ते मांडलं, म्हणून रोरर इंडेक्स असंही त्याचं नाव आहे.

आधी पर्सेंटाइल नीट समजून घेऊ, कारण डिस्चार्ज कार्डावर तो शब्द दिसला की बरेच पालक त्याचा अर्थ शाळेतल्या टक्क्यांसारखा लावतात. "दहावा पर्सेंटाइल" म्हणजे शंभरपैकी दहा गुण नव्हेत. समजा, त्याच आठवड्यात जन्मलेल्या शंभर मुली वजनाप्रमाणे हलक्यापासून जड अशा रांगेत उभ्या केल्या. तुमची मुलगी दहाव्या जागी असेल, तर ती दहाव्या पर्सेंटाइलला. पन्नासावी म्हणजे अगदी मधोमध. रांग मात्र सारख्यांचीच हवी. मुलींच्या रांगेत मुली, अडतीस आठवड्यांच्या रांगेत अडतीस आठवड्यांच्याच. दहाव्याच्या खाली असलेल्या बाळाला आम्ही "आठवड्यांच्या मानाने लहान" म्हणतो आणि नव्वदाव्याच्या वर असलेल्याला "आठवड्यांच्या मानाने मोठं". दोन्ही टोकांना निरोगी बाळंही असतात. लहानखुऱ्या आईचं लहानखुरं बाळ हा काही आजार नव्हे.

ही रांग कुठून आली, हेही महत्त्वाचं आहे. १९६३ मध्ये अमेरिकेतल्या डेन्व्हर शहरात ल्युला लुबचेन्को यांनी आठवड्यांनुसार वजनाचे तक्ते केले आणि जगभरच्या वॉर्डांत ते कित्येक वर्षं वापरले गेले. डेन्व्हर समुद्रसपाटीपासून सुमारे १६०० मीटर उंचीवर आहे. तिथल्या विरळ हवेत बाळं थोडी हलकी जन्मतात. म्हणजे जी रांग सगळ्या जगाला लावली गेली, ती स्वतःच थोडी हलक्या बाळांची होती. त्यानंतर आठ देशांतल्या आठ ठिकाणी इंटरग्रोथ-२१ हा अभ्यास झाला आणि २०१४ मध्ये त्याचे नवजात बाळांचे तक्ते प्रसिद्ध झाले. त्या आठांपैकी एक ठिकाण आपलं नागपूर. खाणंपिणं व्यवस्थित असलेल्या, मोठा आजार नसलेल्या आणि गरोदरपणाच्या सुरुवातीलाच सोनोग्राफीने आठवडे पक्के केलेल्या बायकांची बाळं त्यात घेतली. अशी परिस्थिती मिळाली की पोटातल्या बाळांची वाढ देशोदेशी बरीच सारखी होते, असं त्यातून दिसलं. खाली मी याच तक्त्यातले आकडे ढोबळमानाने घेते.

या तक्त्यात अडतीस आठवडे पूर्ण झालेल्या मुलींचा दहावा पर्सेंटाइल सुमारे अडीच किलोवर येतो आणि पन्नासावा तीन किलोच्या किंचित खाली. आता तीन मुली घेऊ. हे आकडे समजावण्यासाठी मी बांधले आहेत, पण अशा मुली वॉर्डात नेहमी भेटतात. तिघीही अडतीस आठवड्यांच्या. पहिलीचं वजन २३०० ग्रॅम, दुसरीचंही २३०० ग्रॅम, तिसरीचं २५६० ग्रॅम. फक्त पर्सेंटाइल पाहिला तर पहिल्या दोघी दहाव्याच्या खाली, म्हणजे सारख्याच लहान. तिसरी दहाव्याच्या वर, अडीच किलोच्याही वर, म्हणून तिच्याकडे कोणी वळून पाहणार नाही.

आता लांबी मोजू. पहिली ४५ सेंटीमीटर, दुसरी ४९, तिसरी ५०.

गणित असं आहे. ग्रॅममधलं वजन शंभराने गुणायचं आणि सेंटीमीटरमधल्या लांबीच्या घनाने भागायचं. घन म्हणजे तीच संख्या तीनदा गुणून आलेली. हा घन कशाला? रव्याचा एक लाडू घ्या आणि त्याच्या दुप्पट व्यासाचा दुसरा वळा. दुसऱ्याला दुप्पट रवा पुरणार नाही, आठपट लागेल, कारण तो उंचीला, रुंदीला आणि जाडीला अशा तिन्ही बाजूंनी वाढला. बाळही तिन्ही बाजूंनी वाढतं. अंगाची ठेवण तीच राहून बाळ नुसतं मोठं झालं, तर वजन लांबीच्या घनाच्या चालीने वाढतं आणि भागाकार होता तिथेच राहतो. ठेवण बदलली, अंग भरलं किंवा वाळलं, तरच तो हलतो.

पहिलीचं गणित: ४५ चा घन ९१,१२५. २,३०,००० भागिले ९१,१२५ म्हणजे २.५२.

दुसरीचं: ४९ चा घन १,१७,६४९. तेच २,३०,००० त्याने भागले की १.९५.

तिसरीचं: ५० चा घन १,२५,०००. २,५६,००० भागिले १,२५,००० म्हणजे २.०५.

तुलनेसाठी जागतिक आरोग्य संघटनेच्या तक्त्यातली मधली मुलगी घ्या. जन्माच्या वेळी ३.२ किलो आणि ४९.१ सेंटीमीटर. तिचा इंडेक्स २.७ येतो. पूर्ण दिवसांच्या बाळांसाठी साधारण २.२ च्या खाली बारीक आणि ३ च्या वर जाड असं धरतात. आपल्याकडे बऱ्याच वॉर्डांत २ हीच सीमा वापरतात, तिने कमी बाळं बारीक ठरतात. दोन्ही ओळी माणसांनीच आखल्यात, म्हणून २ ते २.२ मधल्या बाळाला मी "ठीक" म्हणून सोडत नाही. त्याचं दुपटं सोडून बघते.

आता तिघींकडे पुन्हा पाहा. पहिली लहान आहे, पण प्रमाणात लहान. लांबी, वजन, सगळंच थोडं कमी, अंगाची ठेवण चांगली. तिची आई चणीने लहान असेल तर बहुधा तेवढंच कारण. तसं नसेल तर वाढ फार आधीपासून मंदावली होती का, गरोदरपणात रुबेलासारखा संसर्ग झाला होता का, गुणसूत्रांचा काही दोष आहे का, हे शोधावं लागतं. दुसरी लहान आहे आणि वाळलेलीही. तिची हाडं वाढत राहिली, पण मांस आणि चरबी मागे पडली. तिसरी लहान नाही, पण बारीक आहे. तिचा वाढीचा आराखडा बहुधा तीन किलोच्या वरचा होता आणि ती अडीचवरच थांबली. वजनाच्या रांगेत ती सुटली, कारण रांग तिची तुलना दुसऱ्या मुलींशी करते. तिच्या स्वतःच्या लांबीशी करत नाही.

ही तिसरी मुलगीच मला सगळ्यात जास्त काळजीची वाटते. पहिल्या दोघींवर नजर ठेवली जातेच.

पोटात असं कसं होतं? बाळाच्या अंगावरची चरबी जमते ती मुख्यतः शेवटच्या आठ-दहा आठवड्यांत. म्हणून सातव्या महिन्यात जन्मलेलं बाळ बारीकच असतं, आणि म्हणूनच पूर्ण दिवसांच्या बाळाची २.२ ही सीमा त्याला लावता येत नाही. या शेवटच्या टप्प्यात आईचा रक्तदाब वाढला किंवा दुसऱ्या कारणाने वारेचं काम मंदावलं, तर बाळाला नाळेतून कमी साखर आणि कमी ऑक्सिजन मिळतो. मग बाळाचं शरीर काटकसर करतं. रक्ताचा जास्त वाटा मेंदूकडे आणि हृदयाकडे जातो, यकृत, स्नायू आणि कातडीखालची चरबी यांच्या वाट्याला कमी येतं. घरात पैसा कमी पडला की आधी सणाची खरेदी थांबते आणि घरभाडं शेवटपर्यंत दिलं जातं, तसं. आधी वजन घटतं, मग लांबी मंदावते आणि डोकं सगळ्यात शेवटी. म्हणून अशा बाळाचं डोकं अंगाच्या मानाने मोठं दिसतं. डोक्याचा घेर छातीच्या घेरापेक्षा तीन सेंटीमीटरहून जास्त भरला, तर ते याच गोष्टीकडे बोट दाखवतं.

लवकर बिघडलं तर प्रमाणात लहान आणि उशिरा बिघडलं तर वाळलेलं, असं पुस्तकात नीट दोन खणांत मांडलेलं असतं. प्रत्यक्षात खण इतके स्वच्छ नसतात. त्रास फार मोठा आणि फार दिवस चालला तर वाळलेल्या बाळाची लांबीही खुंटते, डोकंही मागे पडतं आणि ते पुन्हा "प्रमाणात" दिसू लागतं. म्हणून चांगला इंडेक्स पाहून पहिलीसारख्या मुलीला लगेच निर्धास्त ठरवू नये.

आता या गणितातली सगळ्यात मोठी गोची. लांबीचा घन होतो, म्हणजे लांबीतली चूकही तिपटीच्या आसपास वाढते. पन्नासात एक सेंटीमीटर म्हणजे दोन टक्के, पण इंडेक्समध्ये ती सहा टक्के होते. तिसरीची लांबी ४९ भरली असती तर इंडेक्स २.१८ आला असता आणि ५१ भरली असती तर १.९३. म्हणजे २ ची सीमा धरली तर एका सेंटीमीटरच्या फरकाने ती पासची नापास होते.

आणि नवजात बाळाची लांबी मोजणं सोपं नाही. नऊ महिने ते पाय पोटाशी घेऊन बसलेलं असतं, गुडघे सरळ करायला तयार नसतं. घाईच्या वेळी शिवणकामाची टेप बाळाच्या शेजारी धरून डोक्यापासून टाचेपर्यंत अंदाज घेतला जातो. गुडघे दुमडलेले राहिले की ५० चं बाळ सहज ४८ भरतं. ४८ धरून तिसरीचा इंडेक्स काढा, तो २.३१ येतो. झालं, कुठल्याही सीमेने पाहा, ती आता "उत्तम". चूक बहुतेक वेळा याच दिशेने होते, कारण बाळ आहे त्यापेक्षा लांब मोजलं जाणं अवघड आणि आखूड मोजलं जाणं सोपं. म्हणजे ढिलाईने मोजलं तर नेमकी बारीक बाळंच हातून निसटतात.

नीट मोजायचं तर इन्फँटोमीटर लागतो. लाकडाची किंवा फायबरची फळी, एका टोकाला पक्की पाटी, दुसऱ्या टोकाला सरकणारी. माणसं दोन लागतात. एक जण डोकं पक्क्या पाटीला टेकवून धरतो, नजर सरळ वर. दुसरा एका हाताने दोन्ही गुडघे हलकेच दाबून पाय सरळ करतो आणि दुसऱ्या हाताने सरकती पाटी दोन्ही तळव्यांना टेकवतो. तळवे पाटीला सपाट टेकायला हवेत, नुसती पायाची बोटं नाहीत. टोपी काढलेली, लंगोट जाड नको. दोनदा मोजायचं आणि दोन आकड्यांत अर्ध्या सेंटीमीटरहून जास्त फरक आला तर तिसऱ्यांदा. जन्मताना डोकं चेपून लांबुळकं झालं असेल किंवा टाळूवर सूज असेल, तर एक-दोन दिवसांनी पुन्हा मोजणं जास्त खरं. मी तर म्हणेन की टेपने घेतलेल्या लांबीवर इंडेक्स काढूच नये. ते नुसतं गणिताचं समाधान.

पर्सेंटाइलची चूक वेगळ्या ठिकाणी होते, ती म्हणजे आठवड्यांत. शेवटच्या पाळीची तारीख नीट आठवत नसेल आणि पहिल्या तीन महिन्यांतली सोनोग्राफीही नसेल, तर दोन आठवड्यांची गल्लत सहज होते. आपली दुसरी मुलगी खरंतर छत्तीस आठवड्यांची असती, तर २३०० ग्रॅम वजन दहाव्या पर्सेंटाइलच्या वर गेलं असतं आणि "आठवड्यांच्या मानाने लहान" हा शिक्का पुसला गेला असता. तिचा इंडेक्स मात्र १.९५ चाच राहिला असता, कारण त्या गणितात आठवडे येतच नाहीत. निकाल लावताना आठवड्यांचं थोडं भान ठेवावं लागतं, पण तारखेचा घोळ असलेल्या बाळासाठी मला हा आकडा जास्त भरवशाचा वाटतो. दोघांच्या चुका वेगवेगळ्या जागी होतात, म्हणून दोघांना शेजारी ठेवण्यात अर्थ आहे.

जाड टोकाबद्दल थोडक्यात. आईला मधुमेह असेल आणि साखर ताब्यात नसेल, तर बाळाकडे जास्त साखर जाते, बाळ स्वतःचं इन्शुलिन जास्त बनवतं आणि चरबी साठवतं. अशा बाळाचं वजन नव्वदाव्याच्या आत असूनही इंडेक्स ३ च्या वर असू शकतो. तिसऱ्या मुलीची ही आरशातली उलटी प्रतिमा. नाळ कापल्यावर साखरेचा पुरवठा थांबतो, इन्शुलिन मात्र चालूच असतं, म्हणून अशा बाळाची साखर पहिल्या काही तासांत घसरते.

पाँडरल इंडेक्सला काय दिसत नाही, हे समजायला पुण्याचा दाखला सगळ्यात चांगला. केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुण्याजवळच्या गावांतल्या बाळांची इंग्लंडच्या साउदॅम्प्टनमधल्या बाळांशी तुलना केली. गावांतल्या बाळांचं सरासरी वजन सुमारे २.७ किलो, तिथल्या बाळांचं सुमारे ३.५. इंडेक्स इथे सुमारे २.४, तिथे २.८. म्हणजे आपली बाळं लहानही आणि बारीकही. पण पाठीवर खांद्याच्या हाडाखाली कातडीची चिमट मोजली तेव्हा तिथली चरबी त्या मानाने फारशी कमी नव्हती. कमी होते ते स्नायू आणि पोटातले अवयव. इंडेक्सने "बारीक" सांगितलं ते बरोबरच होतं, पण कमी काय आहे, मांस की चरबी, हे त्याला सांगता येत नाही. त्याला फक्त एकूण वजन आणि एकूण लांबी ठाऊक. पुढे या बाळांना मोठेपणी मधुमेहाचा धोका जास्त का, या प्रश्नाची एक वाट याच निरीक्षणातून निघाली.

म्हणून आकडा काढल्यावर हात लावून पाहावंच लागतं. गाल भरलेले की बसलेले, हनुवटीखाली वळी आहे का, दंडावर आणि मांडीवर कातडी सैल होऊन चुण्या पडतात का, ढुंगणावर घड्या आहेत का, केस ताठ उभे राहतात का. जॅक मेटकॉफ यांनी १९९४ मध्ये अशा नऊ खुणांना प्रत्येकी १ ते ४ गुण देणारी पद्धत मांडली. एकूण ३६ पैकी २५ पेक्षा कमी गुण पडले तर बाळ पोटात उपाशी राहिलेलं मानतात. या पद्धतीला इन्फँटोमीटर लागत नाही, सराव लागतो. आजींनी मांडीवरून हात फिरवून केलं ते यातलंच एक पाऊल.

तिसरी मुलगी ओळखली गेली तर तिच्यासाठी काय बदलतं? फार मोठं काही नाही, पण वेळेवर लागतं. तिच्या यकृतात साखरेचा साठा कमी आहे आणि अंगावर ऊब धरून ठेवायला चरबी कमी. म्हणून तिला पुसून लगेच आईच्या छातीशी उघड्या अंगाने ठेवायचं, डोक्यावर टोपी, आणि पहिल्या तासातच अंगावर पाजायचं. नंतर दर दोन-तीन तासांनी, ती झोपली असली तरी उठवून. दुसऱ्या तासाच्या सुमारास टाचेला टोचून रक्तातली साखर बघायची आणि पुढचे दोन दिवस ठराविक अंतराने बघत राहायचं. ती ४० ते ४५ मिलिग्रॅमच्या खाली गेली की लगेच उपचार. इथे सीमा त्या त्या वॉर्डाच्या नियमाप्रमाणे थोडी बदलते. पोटात ऑक्सिजन कमी मिळालेल्या बाळाचं रक्त कधी घट्ट होतं, म्हणून चेहरा फार लालबुंद दिसला तर तेही तपासायचं. आईच्या रक्तदाबाची नोंद पुन्हा उघडून वाचायची.

डिस्चार्ज कार्डावर वजन ठळक लिहिलेलं असतं. मी पाहिलेल्या अनेक कार्डांवर लांबीची जागा कोरी होती. बाळ घरी नेण्याआधी चार आकडे मागून घ्या: वजन, लांबी, डोक्याचा घेर आणि पूर्ण झालेले आठवडे. लांबी कशाने मोजली, हेही विचारा. त्या आजींच्या नातीची आम्ही फळीवर पुन्हा मोजली, आधी लिहिलेल्या आकड्यापेक्षा दीड सेंटीमीटर जास्त भरली. सहाव्या तासाला तिची साखर ३८ आली, दूध काढून वाटीने पाजलं, तासाभराने ५६. तिसऱ्या दिवशी घरी गेली, आणि सहा आठवड्यांनी लसीसाठी आली तेव्हा आजींनी न विचारताच दुपटं सोडून मांडीच्या वळ्या दाखवल्या.